धागा: कृषी सेवा केंद्रातून शेतकऱ्यांची कागदपत्रं फुटली. व्हॉट्सॲपवरच्या चर्चेतून ग्राहकांना द्यायची नोटीस कशी लिहावी?

दुधनाकाठ (१२ ऑगस्ट, सकाळी ८:१०)

नमस्कार मंडळी. सेलू तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्राचे हिशेब मी लिहिते. दुकानाचं नाव सांगत नाही. तिथे खत-बियाण्यांबरोबर पीकविम्याचे अर्जही भरून देतात. त्यासाठी घेतलेले आधार, पासबुक, सातबारा यांचे फोटो एका गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवलेले असतात. त्या फोल्डरची लिंक गावच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली. पाठवणाऱ्या पोराला फक्त लाभार्थ्यांची यादी पाठवायची होती. काल संध्याकाळी एका शेतकऱ्याने मालकांना फोन करून सांगितलं, "दुसऱ्याचंच आधार कार्ड दिसायलंय की."

रात्रभर दुकानाच्या ग्रुपवर चर्चा चालू होती. त्यातले काही मेसेज असे:

"हॅक झालंय सगळं."
"दीड-दोन हजार लोकांचं गेलंय."
"मी मेसेज डिलीट केलाय, आता कायबी प्रश्न नाही."
"नुसते नाव-नंबर होते."
"एका पाव्हण्याचे अठरा हजार कटले म्हणं."

मालक म्हणतात, यातूनच एक नोटीस तयार कर आणि दुकानासमोर लाव. त्यांचा मसुदा असा: "काही तांत्रिक कारणास्तव आमच्या काही ग्राहकांची काही माहिती बाहेर गेल्याची शक्यता आहे. ग्राहकांची सुरक्षितता हेच आमचे ब्रीद आहे. कृपया घाबरून जाऊ नये व अफवांवर विश्वास ठेवू नये."

मालक माणूस चांगला आहे, त्यांना लपवायचं नाही. पण हे वाचून शेतकऱ्याला काय कळणार, हेच मला कळत नाही. कुठून सुरुवात करू?

---

आडत_जालना (८:३२)

माझं ऐका, नोटीस लावूच नका. लिंक बंद केली, विषय संपला. पाटी लावली की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाणार. बाजारात नाव एकदा गेलं की परत येत नाही.

---

पैठणगेट (८:५५)

मी संभाजीनगरात बँकेच्या माहिती-सुरक्षा विभागात बरीच वर्षं काढली. अशा नोटिसा लिहिणं हा माझ्या कामाचाच भाग होता. जालनाकरांची काळजी खरी आहे. पण इथे बातमी आधीच ग्रुपवर फिरते आहे. ज्याने फोन केला त्याने आणखी दहा जणांना सांगितलंच असेल. आता प्रश्न एवढाच उरतो की शेतकऱ्याला हे दुकानाकडून कळणार, की "पीकविमा मंजूर झाला, ओटीपी सांगा" म्हणणाऱ्या चोराच्या फोनवरून.

ताई, नोटीस लिहायला अजून बसू नका. आधी चर्चेतलं प्रत्येक विधान एका वहीत उतरवा. पुढे दोन रकाने करा. पहिल्यात हे कुणी स्वतः पाहिलं, की ऐकलं, की नुसता अंदाज आहे ते लिहा. दुसऱ्यात हे कशावरून तपासता येईल ते लिहा. ग्रुपवर तिन्ही प्रकार एकाच ठसक्यात बोलले जातात, म्हणून वाचणाऱ्याला सगळंच खरं वाटतं. नोटिशीत फक्त पाहिलेलं जाईल, आणि जे कळू शकत नाही ते "कळू शकत नाही" असं लिहून जाईल.

सगळ्यात आधी एक करा. कुठल्याच गूगल खात्यात लॉग-इन नसलेल्या ब्राउझरमध्ये ती लिंक उघडून बघा. मेसेज डिलीट केल्याने लिंक बंद होत नसते.

---

दुधनाकाठ (९:४०)

लिंक आता उघडत नाही. मालकांनी काल रात्री ९:२५ ला फोल्डरचं सेटिंग "Anyone with the link" वरून "Restricted" केलं. पण तुमचं खरं निघालं. पोराने मेसेज डिलीट केला ७:५० ला, तोपर्यंत तो आणखी एका ग्रुपवर फॉरवर्ड झाला होता. म्हणजे डिलीट केल्यावरही दीड तास तिथून फोल्डर उघडत होतं. "आता कायबी प्रश्न नाही" हे त्या वेळी खरं नव्हतं.

---

पैठणगेट (९:५२)

म्हणजे नोटिशीतली बंद झाल्याची वेळ ९:२५. आता उघडं कधीपासून होतं ते शोधा. ड्राइव्हमध्ये फोल्डर निवडून बाजूच्या तपशिलात "Activity" बघा. शेअरिंग कधी बदललं ते तिथे दिसतं. कुणी फाइल उघडून पाहिली किंवा उतरवून घेतली ते मात्र साध्या जीमेल खात्यात दिसत नाही. म्हणून "कुणीही गैरवापर केलेला नाही" हे वाक्य तुम्हाला लिहिता येणार नाही. ते तुम्हाला माहीतच नाही.

आणि काही फोल्डर स्वतः उघडून आत काय आहे ते बघा. "नुसते नाव-नंबर होते" म्हणणाऱ्याने ते उघडले होते का, तेही विचारा.

---

कायद्याचं_बोला (१०:१५)

पहिले वकील गाठा! नवीन डेटा कायद्यात ७२ तासांत लोकांना कळवलं नाही तर २५० कोटी दंड आहे. दुकान विकलं तरी फिटणार नाही.

---

पैठणगेट (१०:३८)

यातलं अर्धं बरोबर आहे. कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण फुटीची खबर देण्याचं कलम त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतं. शिवाय ७२ तासांची मुदत डेटा संरक्षण मंडळाला सविस्तर अहवाल देण्यासाठी आहे. लोकांना "विनाविलंब" कळवायचं आहे. २५० कोटी ही सुरक्षा न ठेवल्याबद्दलची कमाल रक्कम, खबर न दिल्याबद्दल २०० कोटींपर्यंत. हे आकडे सांगून दुकानदाराला घाबरवलं तर तो गप्प बसण्याचीच शक्यता जास्त.

आज लागू आहे ते सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं एप्रिल २०२२ चं निर्देशपत्र. घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत incident@cert-in.org.in वर कळवायचं असतं. सहा तास उलटून गेले असले तरी आजच पाठवा, आणि कधी कळलं ती खरी वेळ लिहा.

मात्र त्या नव्या नियमांतली यादी मसुद्यासाठी आत्ताच उपयोगी आहे. काय घडलं, किती प्रमाणात, केव्हा, त्याचा त्या माणसावर काय परिणाम होऊ शकतो, तुम्ही काय केलं, त्याने काय करावं, आणि विचारायचं कुणाला. मालकांच्या मसुद्यात यातलं एकही नाही.

---

उदगीरचा (११:०५)

माझ्या वडिलांना मागच्या महिन्यात असाच फोन आला होता. पीएम किसानची यादी म्हणून व्हॉट्सॲपवर एक फाइल आली, दाबली, आणि दुसऱ्या दिवशी खात्यातून बावीस हजार गेले. बँकवाले म्हणतात तुम्हीच दाबलं. पैसे परत कसे मिळतील ते सांगा ना कुणीतरी. या दुकानदारावर केस करता येईल का?

---

पैठणगेट (११:२०)

दादा, तुमच्या वडिलांचा या दुकानाशी संबंध दिसत नाही, पण तुमचं काम महत्त्वाचं आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला होता का? नसेल तर आत्ता करा, cybercrime.gov.in वर तक्रार टाका आणि तिचा क्रमांक बँकेच्या शाखेत लेखी अर्जासोबत द्या. महिना झाला असेल तर पैसे पुढे निघून गेलेले असू शकतात. पहिल्या काही तासांत फोन झाला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. ती फाइल मोबाइलमध्ये ॲप म्हणून बसली असेल, ती काढून टाका. तोपर्यंत त्या मोबाइलवरून कुठलाही व्यवहार करू नका.

ताई, यांचा अनुभव तुमच्या नोटिशीलाही लागू पडतो. असा फोन किंवा अशी फाइल आली तर काय करायचं, हे तुमच्या नोटिशीत वर यायला हवं.

---

दुधनाकाठ (दुपारी १:३०)

तपासलं. एकेक सांगते.

हॅक वगैरे काही नाही. विम्याची मुदत ३१ जुलैला संपत होती, म्हणून गर्दीत दोन्ही कॉम्प्युटरवरून फोटो चढवता यावेत यासाठी २४ जुलैला फोल्डर सगळ्यांसाठी उघडं केलं गेलं. लिंक गावच्या ग्रुपवर गेली ९ ऑगस्टला सकाळी ११:१० ला.

"दीड-दोन हजार" हा फायलींचा आकडा होता. उपफोल्डर ४१२ आहेत. त्यात काही जणांची नावं दोनदा आहेत. माणसं मोजली तर ३८६.

आत आधारच्या दोन्ही बाजू, पासबुकचं पहिलं पान, सातबारा, आठ-अ आहे, आणि फोल्डरच्या नावातच मोबाइल नंबर. ३१ जणांचा फक्त सातबारा आणि नंबर आहे. उधारीचं खातं वेगळ्या कॉम्प्युटरवर आहे, ते यात नाही.

अठरा हजारवाल्या शेतकऱ्याशी मी स्वतः बोलले. त्यांचे पैसे २ ऑगस्टला गेले, म्हणजे लिंक ग्रुपवर येण्याच्या आधी. त्यांनीही अशीच एक फाइल दाबली होती.

मालक म्हणतात, "९ ते ११, दोन दिवस" एवढंच लिहू. आणि पैसे जाण्याचा आपला संबंध नाही, तेही ठळक लिहू.

---

पैठणगेट (१:५५)

दोन्ही तारखा लिहा. २४ जुलैपासून फोल्डर उघडं होतं, पण लिंक दुकानातल्या लोकांकडेच होती. ९ ऑगस्टपासून ती ग्रुपवर होती. एवढ्या दोन वाक्यांत सगळं खरं येतं. "दोन दिवस" लिहिलं आणि उद्या कुणी २४ तारीख काढली, तर बाकीच्या नोटिशीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

अठरा हजारांबद्दल नोटिशीत होय किंवा नाही, काहीच लिहू नका. त्या तारखेला फोल्डर उघडंच होतं. फाइल दाबल्याने गेले असावेत असं मलाही वाटतं, पण ते ठरवायचं काम पोलिसांचं. त्या शेतकऱ्याला १९३० वर तक्रार करायला मदत करा.

एक विचारतो. आधार-पासबुक सोडून दुसरे कागद आहेत का? खरेदीखत, वाटणीपत्र?

---

दुधनाकाठ (२:४०)

आहेत. १४ जणांच्या फोल्डरमध्ये खरेदीखत किंवा वाटणीपत्राचे फोटो आहेत. सातबाऱ्यावर नाव चढलं नव्हतं म्हणून घेतले होते. त्यावर अंगठे आहेत. हे का विचारलंत?

---

पैठणगेट (३:०५)

कारण तिथेच खरा धोका आहे. नुसत्या खाते क्रमांकावरून कुणी पैसे काढू शकत नाही. पण गावात आधार आणि अंगठ्यावर पैसे देणारं यंत्र असतं ना, त्याला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा एवढंच लागतं. नोंदणी झालेल्या दस्तांवरचे ठसे उचलून त्यांचे साचे बनवून पैसे काढल्याचे गुन्हे देशात दाखल झालेले आहेत. मोबाइलच्या अंधुक फोटोवरून हे करणं सोपं नाही, पण या १४ जणांच्या तिन्ही गोष्टी एकत्र बाहेर गेल्या आहेत. त्यांना नोटिशीची वाट बघायला लावू नका. आज फोन करा आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला सांगा. एम-आधार ॲपवरून होतं, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो.

---

वसमतचे_गुरुजी (३:३०)

लॉक करायला सांगताना सांभाळा. आमच्या शेजारच्या आजींचं नातवाने लॉक करून दिलं. पुढच्या महिन्यात रेशनला अंगठा लागेना, दुकानदार म्हणाला पुढल्या वेळी या. नातू पुण्याला. किसान सन्मानच्या केवायसीलाही तोच अंगठा. ज्याला लॉक करायला सांगाल त्याला ते थोड्या वेळापुरतं उघडायचं कसं, तेही दाखवून द्या. घरात स्मार्टफोन नसेल तर मी सरसकट लॉक सांगणार नाही. त्यांनी यंत्रावरून पैसे काढणंच शाखेत जाऊन बंद करून मागावं.

---

पैठणगेट (३:४१)

गुरुजी, मान्य. मी सगळ्या ३८६ जणांना लॉक सांगायच्या बेतात होतो. १४ जणांना फोनवर समजावून, बाकीच्यांना "हवं असेल तर दुकानात या, करून देऊ" असं ठेवू. शाखेत बंद करून देतात का, हे मात्र बँकेवर अवलंबून आहे. सगळीकडे एकच उत्तर मिळेल असं नाही.

---

आडत_जालना (४:००)

बरं, सांगायचंच ठरलं असेल तर ३८६ जणांची यादी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा. ज्याचं त्याला कळेल. फोनची झंझट कामून करता?

---

दुधनाकाठ (४:१२)

नको दादा. ती यादी म्हणजे कुणाचे कागद फुटले ते चोराला शोधून दिल्यासारखं होईल. शिवाय कुणी कुठे अर्ज भरला हे गावाला कळण्याचं कारण नाही. दुकानावर नावांशिवाय नोटीस लागेल आणि ज्याचं त्याला वेगळं कळवू.

मसुदा लिहिला आहे. मालकांनी "आमचे ब्रीद" काढायला होकार दिला.

"२४ जुलै ते ११ ऑगस्ट या काळात आमच्या ऑनलाइन फोल्डरचा ॲक्सेस अनधिकृत व्यक्तींना उपलब्ध होता. सदर फोल्डरमध्ये ग्राहकांची ओळखपत्रे व बँकविषयक माहिती समाविष्ट होती..."

---

वसमतचे_गुरुजी (५:२०)

ताई, हे मी माझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने दोन ओळींतच थांबवून विचारलं, "म्हंजी माझे पैसे गेले का?" तुमचा शेतकरीही आधी हेच विचारणार. त्याचं उत्तर पहिल्या चार ओळींत द्या, तारखा नंतर. "अनधिकृत व्यक्तींना उपलब्ध होता" यात कुणी काय केलं हे कळतच नाही. आमच्या माणसाने लिंक ग्रुपवर टाकली, असं सरळ लिहा.

---

कायद्याचं_बोला (५:३५)

असं लिहिणं म्हणजे लेखी कबुली. कोर्टात हाच कागद पुढे येईल. आणि पोराचं नाव तर अजिबात नको.

---

पैठणगेट (५:५०)

पोराचं नाव नको, याच्याशी सहमत. फोल्डर उघडं ठेवायची पद्धत दुकानाची होती, म्हणून नोटीस दुकानाच्या नावाने आणि मालकांच्या सहीने जाईल. कबुलीबद्दल मालकांनी वकिलाला विचारावं, त्यात गैर काही नाही. फक्त त्यासाठी नोटीस आठवडाभर अडकवू नका. घडलं ते लिहिणं वेगळं आणि नुकसानभरपाईची जबाबदारी मान्य करणं वेगळं. भरपाईबद्दल आज एक अक्षरही लिहायची गरज नाही.

---

दुधनाकाठ (संध्याकाळी ७:४५)

आज १४ पैकी ११ जणांशी फोनवर बोलणं झालं. नोटीस पुन्हा लिहिली. मालकांनी वाचली, गुरुजींच्या आईसाठी म्हणून मोठ्याने सुद्धा.

> आमच्याकडे पीकविम्याचा अर्ज भरलेल्या शेतकऱ्यांसाठी
>
> तुमच्या कागदपत्रांचे फोटो आमच्या दुकानातून बाहेर गेले आहेत. त्यात तुमचा पिन, पासवर्ड किंवा ओटीपी नव्हता. नुसता खाते क्रमांक कळला म्हणून कुणाला तुमचे पैसे काढता येत नाहीत. पण या माहितीच्या आधारे कुणी तुम्हाला फोन करून फसवू शकतो.
>
> काय करावे: विमा, अनुदान किंवा किसान सन्मानच्या नावाने फोन आला आणि समोरच्याने तुमचे नाव, गट नंबर, खाते क्रमांक बरोबर सांगितला, तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ओटीपी सांगू नका. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडू नका. पासबुक भरून घ्या आणि न ओळखीचा व्यवहार दिसतो का ते बघा. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा आणि मग बँकेत जा.
>
> काय घडले: तुमचे फोटो आम्ही इंटरनेटवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवतो. २४ जुलैला कामाच्या गर्दीत आम्ही ते असे उघडे ठेवले की लिंक असलेल्या कुणालाही दिसेल. ९ ऑगस्टला सकाळी ११:१० वाजता आमच्या दुकानातून ती लिंक चुकून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली. तिथून ती आणखी एका ग्रुपवर गेली. ११ ऑगस्टला रात्री ९:२५ वाजता आम्ही फोल्डर बंद केले.
>
> काय बाहेर गेले: ३८६ शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर आणि सातबारा. त्यातल्या बहुतेकांचे आधार, पासबुकचे पहिले पान आणि आठ-अ. काही जणांचे खरेदीखत किंवा वाटणीपत्र. त्यांना आम्ही स्वतः फोन करत आहोत. उधारीचे खाते यात नव्हते.
>
> जे आम्हाला माहीत नाही: फोटो कुणी पाहिले किंवा उतरवून घेतले, हे आम्हाला कळू शकत नाही. ज्याने उतरवून घेतले असतील त्याच्याकडे ते अजून असतील.
>
> आम्ही काय केले: सरकारच्या सर्ट-इन या संस्थेला कळवले. फोल्डर आता दोघांनाच उघडता येते. अर्ज भरून झालेल्यांचे फोटो तिथून काढत आहोत. दोन्ही ग्रुपवर फोटो पुसून टाकण्याची विनंती केली आहे.
>
> तुमचे कोणते कागद होते ते विचारायला दुकानात या, किंवा तुमच्या पावतीवर छापलेल्या नंबरवर फोन करा. याबद्दल आम्ही कुठलीही लिंक पाठवणार नाही आणि ओटीपी मागणार नाही. आधारचे बायोमेट्रिक लॉक करायचे असेल तर दुकानात मोफत करून देऊ. रेशन आणि केवायसीसाठी ते कसे उघडायचे तेही दाखवू.
>
> झाल्या प्रकाराबद्दल आम्ही तुमची माफी मागतो.

---

पैठणगेट (८:१०)

चांगली झाली आहे. पावतीवरच्या नंबरची कल्पना मला फार आवडली. उद्या कुणी हीच नोटीस नक्कल करून खाली स्वतःचा नंबर टाकला, तरी शेतकऱ्याच्या घरात खरा नंबर आहे.

पाठवण्याबद्दल एक गोष्ट. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरणार असाल तर ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच मेसेज जातो, बाकीच्यांना जात नाही. एकगठ्ठा एसएमएस पाठवायला नोंदणी आणि मजकुराची मंजुरी लागते, त्यात दिवस जातील. ३८६ हा आकडा फोनने होण्यासारखा आहे. चौघांनी वाटून घ्या. प्रत्येक नावापुढे कुणाशी बोलणं झालं ते लिहा.

---

वसमतचे_गुरुजी (८:२५)

मालकांच्या आवाजात दोन मिनिटांची क्लिपही करा. आमच्याकडे वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणारे जास्त. आणि फोन लावताना बघा, खातं बाईच्या नावावर आणि नंबर मुलाचा किंवा नवऱ्याचा, असं बरंच असतं.

---

दुधनाकाठ (८:५०)

हो, आजच्या ११ मध्येच तिघींचं तसं निघालं. एकीच्या नावापुढचा नंबर तर दुसऱ्याच गावच्या एजंटचा आहे. तिला सांगायला उद्या पोरगा गाडीवर जाणार आहे.

एक अजून ठरत नाही. ज्या ३१ जणांचा फक्त सातबारा आणि नंबर होता, त्यांनाही फोन करायचा का? मालक म्हणतात सातबारा तर महाभूलेखवर कुणालाही दिसतो, त्यांना उगीच कशाला घाबरवायचं.

---

पैठणगेट (९:०५)

मी करेन. सातबारा उघडा असतो हे खरं, पण त्यासोबत मोबाइल नंबर नसतो. गट नंबर आणि मोबाइल जोडीने मिळाले की फसवा फोन खरा वाटायला लागतो.

---

आडत_जालना (९:२०)

मला तर हे अजूनही जास्त वाटतं. ३१ जणांना पाटीवरून कळेल तेवढं पुरे. बाकी नोटीस मात्र माझ्या मुनीमाला वाचायला दिली. आमच्याकडेही शेतकऱ्यांचे पासबुकचे फोटो दिवाणजीच्या मोबाइलमध्येच पडून असतात, ते उद्या बघतो.

---

दुधनाकाठ (१३ ऑगस्ट, सकाळी ११:३०)

नोटीस दुकानावर लागली, क्लिप दोन्ही ग्रुपवर गेली. ३१ जणांना शेवटी फोन करायचं ठरलं, पण सगळ्यात शेवटी. १४ पैकी उरलेल्या तिघांपैकी दोघे भेटले, तिसऱ्याचा फोन लागत नाही. सकाळपासून विचारायला आलेल्या बहुतेकांचा प्रश्न एकच आहे, "खाते नंबर बदलून घ्यावा का?" मी नको म्हणून सांगतेय, कारण विम्याची रक्कम त्याच खात्यावर येणार आहे. हे बरोबर आहे ना?

---

पैठणगेट (११:४५)

बरोबर. विम्याची रक्कम जमा होईपर्यंत खातं बदलू नये, फक्त बँकेत मोबाइल नंबर जोडून एसएमएस चालू करून घ्यावा. हा प्रश्न इतके जण विचारत असतील तर नोटिशीत "काय करावे" खाली ही ओळ आजच घाला, आणि वर "१३ ऑगस्टला सुधारित" असं लिहून पाटी बदला.